गंभीर प्रतिकूल घटनेची २४ तासांतील खबर

औषधाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घेतलेल्या व्यक्तीचा मृत्यू झाला, जीव धोक्यात आला, कायमचे अपंगत्व आले, घरून ये-जा करणाऱ्या रुग्णाला ॲडमिट करावे लागले किंवा आधीच ॲडमिट असलेल्याचा मुक्काम वाढला, तर ती 'गंभीर प्रतिकूल घटना' ठरते. बोलताना सगळे एसएई म्हणतात. बाळात जन्मजात व्यंग आढळणे हीही एसएईच. 2019 च्या 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमां'नुसार मुख्य संशोधक डॉक्टरने ती घडल्यापासून 24 तासांत एथिक्स कमिटी, प्रायोजक कंपनी आणि केंद्रीय परवाना प्राधिकरण या तिघांना कळवायची असते.

'गंभीर' म्हणजे 'तीव्र' नव्हे. डोके फुटेल इतके दुखले, पण गोळी घेऊन घरीच थांबले, तर ती एसएई नाही. साधी भोवळ आली, पण रात्रभर ॲडमिट केले, तर ती एसएई आहे. चुका बहुतेक इथेच होतात.

मराठवाड्यात दुसरी अडचण अंतराची. ट्रायल छत्रपती संभाजीनगरात आणि रुग्ण घनसावंगी तालुक्यातला, असे सर्रास असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मधुमेहाच्या ट्रायलमधल्या 58 वर्षांच्या बाईंची साखर शनिवारी रात्री उतरली आणि साडेदहाला त्यांना अंबडच्या खासगी दवाखान्यात ॲडमिट केले. सलाईन लावली, रविवारी संध्याकाळी घरी सोडले. मंगळवारी अकराला कोऑर्डिनेटरने पुढच्या तपासणीची आठवण द्यायला फोन केला, तेव्हा सून म्हणाली, "मॅडम, सासूबाईला शनवारीच ॲडमिट केलं होतं, आता बरंय."

नियमातली मुदत रविवारी रात्री साडेदहालाच संपली होती. तरी खबर द्यायचीच, तीही त्याच दिवशी, आणि सोबत उशिराचे कारण लिहायचे: घटना कधी घडली, कळले कधी, कुणाकडून. शनिवारच्या जागी मंगळवार टाकून मुदत 'सांभाळणे' हा उशिरापेक्षा मोठा दोष. डिस्चार्ज कार्डावरची तारीख ते उघडे पाडतेच.

पहिल्या खबरीसाठी पक्के निदान किंवा सगळे रिपोर्ट लागत नाहीत. रुग्णाचा ट्रायल क्रमांक, काय झाले, संशयित औषध व मात्रा, सध्याची तब्येत एवढ्यावर ती जाते. नाव मात्र जात नाही. अंबडचे कार्ड, साखरेचे आकडे, औषध चालू ठेवले की थांबवले, हे पुढच्या अहवालात येते. घटनेचा औषधाशी संबंध आहे की नाही, याचे विश्लेषण संशोधक आणि प्रायोजक 14 दिवसांत वेगवेगळे देतात. हे 14 दिवस मृत्यू असेल तर तो कळल्यापासून, इतर इजेत पहिली खबर दिल्यापासून मोजतात. अहवाल मिळाल्यावर एथिक्स कमिटीने 30 दिवसांत भरपाईबाबतचे मत प्राधिकरणाला कळवायचे असते. उपचार मात्र तोवर थांबत नाहीत: इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे ठरेपर्यंत, किंवा संशोधकाच्या मते गरज असेल तोवर, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत ते मोफत द्यावे लागतात.

म्हणूनच रुग्णाच्या खिशात ट्रायलचे कार्ड असावे, आणि चोवीस तास लागणारा फोन नंबर घरातल्या मोबाइल वापरणाऱ्या माणसाकडेही. वरच्या उदाहरणात तो सुनेकडे असता, तर अंबडहून शनिवारी रात्रीच फोन आला असता.