फोम रोलिंग आणि सांध्यांची हालचाल

फोमच्या दंडगोलावर शरीराचा भार टाकून पोटरी, मांडी अशा स्नायूंवरून तो सावकाश मागेपुढे फिरवणे, याला फोम रोलिंग म्हणतात. शरीराच्या हालचालींचे शिक्षण देणारे मोशे फेल्डेनक्राइस यांच्या पद्धतीत असे दंडगोल आधीपासून होते, असे सामान्यतः मानले जाते. व्यायामशाळांत मात्र ते मुख्यतः २००० नंतर रुळले.

रोलिंगनंतर सांधा अधिक वाकतो, याबद्दल फारसा वाद नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅकडोनल्ड व सहकाऱ्यांच्या प्रयोगात मांडीच्या पुढच्या स्नायूंवर एकेक मिनिट दोनदा रोलिंग केल्यावर गुडघ्याची हालचाल दोन मिनिटांनी सुमारे १० अंशांनी, तर दहा मिनिटांनी सुमारे ८ अंशांनी वाढलेली आढळली आणि स्नायूंचा जोर घटला नाही. प्रयोग लहान होता, तरी पुढील अभ्यासांची दिशा तीच आहे. हा लाभ बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो.

वाद आहे तो कारणाचा. या क्रियेच्या ‘सेल्फ-मायोफॅशियल रिलीज’ या रूढ नावातच स्नायूंभोवतीचे आवरण, म्हणजे फॅशिया, दाबाने सैल होते असे गृहीत धरलेले आहे. परंतु चौधरी व सहकाऱ्यांच्या २००८ च्या गणिती प्रतिमानानुसार मांडीच्या बाहेरील जाड फॅशियात एक टक्का आकारबदल घडवण्यासही सुमारे ९,००० न्यूटन, म्हणजे नऊशे किलोंच्या वजनाएवढा, दाब लागेल. त्यामुळे मांडीच्या बाहेरचा इलिओटिबियल पट्टा रोलरने लांबतो, हा समज टिकत नाही. शिवाय एका पायावर रोलिंग केल्यावर दुसऱ्या पायाच्या घोट्याची हालचालही काही काळ वाढल्याचे दिसले आहे, आणि ज्या पायाला रोलर लागलाच नाही त्याचे आवरण सैल झाले असे म्हणता येत नाही. ताण सोसण्याची मज्जासंस्थेची मर्यादा तात्पुरती वाढते, हे स्पष्टीकरण म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

रोलिंगची मर्यादा घोट्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि तो जेमतेम टेकत असताना अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजायचे. त्यानंतर पोटरीवर एकेक मिनिट दोनदा रोलिंग करून तीच मोजणी पुन्हा करायची. अडथळा पोटरीतील ताणाचा असेल, तर अंतर थोडे वाढण्याची शक्यता असते, आणि ती वाढ ओसरण्यापूर्वीच खोल बैठका मारल्या तर तिचा उपयोग होतो. घोट्याच्या पुढच्या बाजूस टोचल्यासारखे किंवा चिमटल्यासारखे वाटून गुडघा थांबत असेल, तर अडथळा बहुधा हाडाचा वा सांध्याच्या आतील असतो. तेथे पोटरी कितीही रोल केली तरी फरक पडण्याची अपेक्षा नसते, आणि जोर वाढवण्याऐवजी सांध्याची तपासणी करून घेणे योग्य ठरते.

चार आठवड्यांहून अधिक काळ नियमित रोलिंग केल्यास काही टिकाऊ वाढ होते, असे उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. पण साध्या स्ट्रेचिंगपेक्षा ती सरस असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही.