छोट्या चमूसाठी कार्यपद्धतीचे टेलरिंग

संस्थेच्या किंवा एखाद्या मान्य मानकाच्या पूर्ण कार्यपद्धतीतून हाती घेतलेल्या कामाला लागतील तेवढ्याच प्रक्रिया आणि दस्तऐवज निवडणे, काही एकत्र करणे, काही गाळणे आणि गरज पडल्यास नवे घालणे, याला टेलरिंग म्हणतात. कामाच्या सुरुवातीला हा निर्णय होतो आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तो पुन्हा तपासला जातो. बहुतेक प्रमुख पद्धतींनी त्याला अधिकृत जागा दिली आहे. प्रिन्स२ या प्रकल्प व्यवस्थापनाच्या पद्धतीत कामाच्या परिस्थितीनुसार पद्धत बेतणे हे मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे. जर्मनीच्या सरकारी माहिती-तंत्रज्ञान प्रकल्पांसाठी २००५ साली आलेल्या व्ही-मॉडेल एक्सटीच्या नावातील ‘एक्सटी’ ही अक्षरे ‘एक्स्ट्रीम टेलरिंग’ यासाठीच आहेत. २५ माणसांपर्यंतच्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी २९११० ही वेगळी मानकमालिका आहे. तिच्या बेसिक प्रोफाइलमध्ये प्रकल्प व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअरची प्रत्यक्ष उभारणी अशा दोनच प्रक्रिया ठेवल्या आहेत.

टेलरिंग म्हणजे कागद कमी करणे, हा समज अर्धाच खरा आहे. चमूची संख्या हा अनेक निकषांपैकी एक निकष असतो. काम फसले तर नुकसान किती, गरजा किती वेळा बदलतात, पैसे ठरावीक रकमेत आहेत की तासांवर आणि काम संपल्यावर ते कोण सांभाळणार, हे प्रश्न संख्येपेक्षा अनेकदा अधिक वजनाचे ठरतात. चार माणसे एकाच खोलीत बसत असतील तर आपापसातील समन्वयाचे दस्तऐवज नक्कीच कमी होतात. पण ग्राहकाशी झालेला करार किंवा परत न फिरवता येणारी पायरी चमू लहान असल्यामुळे लहान होत नाही.

निवड करताना प्रत्येक दस्तऐवजाबाबत तीन गोष्टी पाहतात: तो वाचणारी व्यक्ती कोण, त्यावरून ती कोणता निर्णय घेणार आणि तो नसेल तर तीच माहिती कुठे मिळेल. वाचणाऱ्याचे नाव सांगता येत नसेल तर दस्तऐवज गाळायला हरकत नाही. नाव सांगता येते पण माहिती आधीच दुसरीकडे आहे, तेव्हा दोन्ही एकत्र करावेत. एकत्र केल्यावर मूळ हेतू मात्र उरला पाहिजे. जोखमींची यादी वेगळी न ठेवता कामांच्या यादीत टाकली आणि तिच्याकडे कोणी पाहण्याचा दिवस ठरवला नाही, तर दस्तऐवजाबरोबर प्रक्रियाही गेलेली असते.

समजा, चमूचा ग्राहक असलेल्या एका सेवा पुरवणाऱ्या संस्थेची सुमारे ४०,००० ग्राहकखाती जुन्या बिलिंग प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायची आहेत. मुदत १२ आठवडे, पैसे ठरावीक, चमूत एक प्रमुख, दोन डेव्हलपर आणि एक टेस्टर. चमूच्या स्वतःच्या संस्थेची प्रमाण पद्धत १८ दस्तऐवज मागते. प्रमुखाने प्रकल्प सनद, व्याप्ती आणि संपर्क योजना मिळून दोन पानांची एकच नोंद केली, कारण तिन्ही वाचणारे लोक तेच होते. जोखमी, अडचणी आणि निर्णय एका यादीत आले, प्रत्येक ओळीपुढे प्रकार, जबाबदार व्यक्ती आणि तारीख. सभांची इतिवृत्ते बंद केली, फक्त निर्णय त्या यादीत चढू लागले. साप्ताहिक अहवालाचा मोठा टेम्पलेट सोडून ग्राहकाच्या वित्त प्रमुखाला आठवड्याला एक परिच्छेद जाऊ लागला.

बदलांच्या विनंत्या मात्र या यादीत घातल्या नाहीत. रक्कम ठरावीक असल्याने प्रत्येक बदलाला किंमत आणि ग्राहकाची लेखी मंजुरी हवी, म्हणून तो फॉर्म अर्ध्या पानाचा पण स्वतंत्र राहिला. तपशीलवार स्क्रीन आराखडे गाळले, कारण नवी प्रणाली तयार विकत घेतलेली होती. त्याऐवजी प्रमाण पद्धतीत नसलेला एक दस्तऐवज नव्याने घातला: जुन्या प्रणालीतील प्रत्येक रकाना नव्या प्रणालीत कुठे आणि कोणत्या नियमाने जातो, याचा तक्ता. खरे काम तिथेच होते. जुन्या प्रणालीत ‘बंद’ हा एकच शेरा थकबाकी असलेल्या आणि हिशेब पूर्ण झालेल्या अशा दोन्ही खात्यांवर होता. हा फरक तक्ता भरताना उघड झाला. स्क्रीन आराखड्यांवर चार आठवडे घालवले असते तरी तो दिसला नसता.

चाचणी योजनाही आखडली, पण ताळा घेण्याचे पान वाढले. खात्यांची संख्या आणि एकूण येणे जुळणे पुरेसे नसते, कारण एका गटात वाढलेली रक्कम दुसऱ्या गटातील घटीने झाकली जाऊ शकते. म्हणून खात्याच्या प्रत्येक प्रकाराची बेरीज वेगळी जुळवायची असे ठरले. परत फिरण्याची योजना एका ओळीनेही कमी केली नाही. जुनी प्रणाली पुन्हा सुरू करायला पाच तास लागत होते आणि सोमवारी सकाळी ८ वाजता बिल भरण्याच्या खिडक्या उघडणार होत्या. त्यामुळे रविवारी रात्री १० पर्यंत ताळा जुळला नाही तर मागे फिरायचे आणि हा निर्णय कोण घेणार, हे दोन्ही लिहून ठेवले.

छोट्या चमूत सर्वांत आधी हरवते ती स्वतंत्र तपासणी. एकाच माणसाकडे दोन-तीन भूमिका येतात आणि लिहिणाराच मंजूर करणारा होतो. भूमिका एकत्र करायला प्रिन्स२ची ना नाही, पण प्रकल्पाला अंतिम जबाबदार असलेला एक्झिक्युटिव्ह आणि प्रकल्प व्यवस्थापक एकच असू नयेत आणि प्रकल्प व्यवस्थापकाने स्वतःच्याच कामाची हमी-तपासणी करू नये, ही रेघ ती ओलांडू देत नाही. वरच्या उदाहरणात डेव्हलपरांनी एकमेकांचा कोड तपासणे पुरेसे मानले, परंतु ताळ्यावर सही ग्राहकाच्या लेखा विभागाने केली, चमूतील कोणी नाही.

हे सारे निर्णय एका छोट्या टेलरिंग नोंदीत उतरवतात: काय ठेवले, काय गाळले, कारण काय आणि कोणत्या परिस्थितीत ते परत आणायचे. शेवटचा रकाना बहुधा रिकामा राहतो, आणि तोच सर्वांत उपयोगी असतो. ‘पाचवा माणूस आला किंवा कोणी वेगळ्या शहरातून काम करू लागला तर रोजची लेखी नोंद सुरू’ अशी अट आधीच लिहिली असेल, तर नंतर वाद घालावा लागत नाही. कारणाच्या रकान्यात ‘वेळ नाही’ एवढेच असेल तर ते कारण धरू नये, कारण त्यात नुकसानाचा विचारच झालेला नसतो.

कात्री जास्त चालली की कमी, हे कामातच दिसते. व्याप्तीत काय होते यावर ग्राहकाशी दुसऱ्यांदा वाद झाला, किंवा एक माणूस रजेवर जाताच काम थांबले, तर गरजेचे काही गाळले गेले आहे. उलट, सगळ्या दस्तऐवजांवर लेखापरीक्षणाच्या आदल्या दिवसाची तारीख असेल आणि रकाने ‘लागू नाही’ने भरलेले असतील, तर ते कामासाठी लिहिलेलेच नाहीत. भल्यामोठ्या पद्धतीतून एकेक गोष्ट काढायला बसले की असेच होते, कारण वगळण्याचा दोष आपल्यावर येईल या भीतीने माणूस सगळेच ठेवतो. अगदी थोड्यापासून सुरू करून गरजेनुसार भर घालणे छोट्या चमूला सोपे जाते. मात्र ग्राहकाच्या करारात किंवा कायद्यात नावाने मागितलेल्या दस्तऐवजांना हा मार्ग लागू होत नाही. ते पहिल्या दिवसापासून यादीत असतात आणि गाळायचेच झाले तर मागणाऱ्याची लेखी संमती लागते.