निविदेचे सोबतपत्र : पुनर्लेखन

निविदेच्या कागदपत्रांवर सर्वांत वर जोडायचे पानभराचे पत्र. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत त्याला ‘कव्हरिंग लेटर’ म्हणतात. पुनर्लेखनात त्यातली विशेषणे काढून तपासता येणारी विधाने घातली जातात.

समजा, शिरोलीतल्या एका फौंड्रीला पंपाची ६०० कास्टिंग द्यायची आहेत. प्रत्येकी वजन ४० किलो, धातू ग्रे आयर्न, आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणे एफजी २६० प्रतीचा. पहिला मसुदा असा: ‘आम्ही पश्चिम महाराष्ट्रातील अग्रगण्य उत्पादक असून शंभर टक्के निर्दोष माल कोणत्याही परिस्थितीत वेळेत देऊ.’ ‘अग्रगण्य’ कुणी ठरवले, हे त्यात नाही. ‘शंभर टक्के’ तर कास्टिंग जाणणाऱ्याला हसू आणते, कारण वाळूच्या साच्यात ओतलेल्या नगांत अधूनमधून ब्लो होल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, निघतातच. ‘नाद खुळा’ गाडीच्या काचेवर शोभतो, निविदेत नाही.

सुधारलेले वाक्य: ‘गेल्या तीन वर्षांत याच वजनगटातील १,४५० कास्टिंग पुरवली. त्यांपैकी २९, म्हणजे २ टक्के, ग्राहकाने नाकारली व ती बदलून दिली (जोडपत्र ३).’ नाकारलेला माल स्वतःहून सांगितल्याने उरलेला आकडा पटतो. मात्र नोंदवही तसे दाखवत नसेल, तर हे वाक्य लिहूच नये.

मुदतीचेही तसेच. एकूण माल २४ टन आणि भट्टीची शिल्लक क्षमता आठवड्याला ३ टन, म्हणजे ओतकामाला आठ आठवडे. नाकारलेले नग पुन्हा ओतायला दोन आठवडे धरले, की ‘नमुना मंजूर झाल्यापासून दहा आठवड्यांत’ असे ठामपणे लिहिता येते. इथे ‘शक्यतो’, ‘प्रयत्न करू’ घातले, की हिशेब असूनही पत्र कचरते. अतिशयोक्ती काढताना हे शब्द मागच्या दाराने शिरतात, आणि माझ्या मते नुकसान त्यांनीही तेवढेच होते.

तपासणीची साधी रीत म्हणजे प्रत्येक दाव्यासमोर समासात जोडपत्राचा क्रमांक लिहायचा. एफजी २६० समोर ताणबळाच्या चाचणीचा अहवाल हवा, त्यात किमान २६० मेगापास्कल दिसले पाहिजे. क्रमांक सापडत नसेल, तर दावा खोडायचा. उरलेले पत्र बहुधा अर्ध्या पानाचे होते.

काही गोष्टी पत्रात येताच कामा नयेत. तांत्रिक माहिती आणि दर वेगवेगळ्या लिफाफ्यांत द्यायच्या दोन लिफाफा पद्धतीत तांत्रिक लिफाफ्यातल्या पत्रात दराचा उल्लेख झाला, तर निविदा बाद होऊ शकते. ‘आगाऊ रक्कम मिळाल्यास’ अशी अट घातली, तर ती सशर्त निविदा ठरते. शिवाय हे पत्र पुढे करारनाम्याला जोडले गेले, तर ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द पुरवठादाराच्याच अंगलट येतात. निविदेत पत्राचा नमुना दिलेला असेल, तर त्याला हात न लावता तो भरायचा आणि आपले म्हणणे परवानगी असल्यास वेगळ्या जोडपत्रात द्यायचे.