मसुद्याचे प्रकट वाचन

लिहून झालेला मजकूर पाठवण्यापूर्वी लेखकाने तो स्वतःच्या कानांना ऐकू येईल इतक्या आवाजात वाचणे आणि वाचताना जिथे अडखळायला होते त्या जागा दुरुस्त करणे, ही संपादनाची एक पद्धत आहे. शाळेत ‘प्रकट वाचन’ घेतात ते विद्यार्थ्याचे उच्चार तपासण्यासाठी. इथे परीक्षा मजकुराची असते. पत्र, सूचना, अर्ज, लेख, भाषण, बातमी असा कोणताही मसुदा या रीतीने तपासता येतो. लांबलेली वाक्ये, बिघडलेली लय आणि तोंडात न बसणारे ताठर शब्दप्रयोग, हे तीन दोष तिच्यात चटकन सापडतात.

ही रीत जुनी आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी आपली भाषणे प्रसिद्ध करण्याआधी मित्रांना वाचून दाखवी आणि त्यानंतर त्यांत फेरफार करी. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर (१८२१–१८८०) रूआँजवळच्या क्रोआसे येथील घरात आपली वाक्ये अक्षरशः ओरडून म्हणून पाही. मराठीत कीर्तन, भाषण, नभोवाणी या क्षेत्रांत मजकूर कानासाठीच लिहिला जातो, त्यामुळे तिथे ही तपासणी आपोआप घडते. खरी गरज असते ती कागदावरच राहणाऱ्या मजकुराला.

डोळा काय सोडतो

मनात वाचताना लेखक बरेचदा कागदावरचे न वाचता आठवणीतले वाचतो. आपल्याला काय म्हणायचे आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून गळालेला शब्द डोळा भरून घेतो आणि दोनदा पडलेला शब्द एकदाच पाहतो. मोठ्याने वाचताना प्रत्येक शब्दाला वेळ द्यावाच लागतो. सावकाश वाचले तर मिनिटाला साधारण १०० ते १२० मराठी शब्द होतात, म्हणजे हजार शब्दांच्या लेखाला आठ ते दहा मिनिटे. चार मिनिटांत संपला तर वाचन झालेले नाही, पुटपुटणे झाले असे समजावे.

मराठीत आणखी एक अडचण असते. क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि नामाची विशेषणे त्याच्या आधी रचली जातात. ‘झालेल्या’, ‘घेतलेल्या’, ‘असलेल्या’ अशी धातुसाधिते एकामागून एक लागली की ऐकणाऱ्याला सगळे ओझे हातात धरून नामाची, आणि मग क्रियापदाची वाट पाहावी लागते. डोळ्याला मागे जाऊन पुन्हा पाहता येते, कानाला ती सोय नाही. एका श्वासात ढोबळमानाने १० ते १५ शब्द आरामात बसतात. वाक्य त्याहून मोठे असले तरी बिघडत नाही, मात्र श्वास घ्यायला अर्थाच्या दृष्टीने योग्य जागा मिळाली पाहिजे. ‘समितीच्या’ आणि ‘सभेत’ यांच्यामध्ये श्वास तुटत असेल, तर दोष फुप्फुसाचा नसतो.

वाचायची रीत

लिहिल्यावर लगेच वाचू नये. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. तेवढी सवड नसेल तर निदान मजकुराचे रूप बदलावे: छापून घ्यावा किंवा पडद्यावर अक्षराचा आकार आणि वळण बदलावे. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या की पाठ झालेला मजकूर परका दिसू लागतो. हातात पेन्सिल घ्यावी, दार लावून घ्यावे आणि समोर बसलेल्या एका माणसाला सांगावे तशा साध्या आवाजात वाचावे.

पहिल्या वाचनात फक्त खुणा करायच्या, दुरुस्ती करायची नाही. वाक्य सुधारायला थांबले की आधीच्या वाक्याची लय कानातून जाते आणि पुढचे वाक्य एकटे पडून ऐकू येते. श्वास अपुरा पडला तिथे उभी रेघ, जीभ अडखळली तिथे गोल आणि आवाज नकळत सरकारी झाला तिथे नागमोडी रेघ, एवढ्या तीन खुणा पुरतात.

चौथी नोंद सर्वांत मोलाची, आणि तीच बहुतेकांकडून राहून जाते. वाचताना जीभ परस्पर शब्द बदलते. कागदावर ‘यास्तव’ असते आणि तोंडातून ‘म्हणून’ निघते. ‘उपलब्ध करून देण्यात येईल’ लिहिलेले असते आणि आपण ‘मिळेल’ असे वाचून मोकळे होतो. याला वाचनातली चूक समजून मागे जाऊन ‘बरोबर’ वाचायचा मोह होतो. तसे करू नये. तोंडाने दिलेला शब्द समासात लिहून ठेवावा, कारण दहापैकी आठ वेळा तीच दुरुस्ती असते. उरलेल्या दोन वेळा कागदावरचा शब्द तांत्रिक किंवा कायदेशीर कारणाने तसाच ठेवावा लागतो.

एक उदाहरण

गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर लावायच्या सूचनेचा हा मसुदा पाहा:

‘संस्थेच्या सर्व सन्माननीय सभासदांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, संस्थेच्या व्यवस्थापक समितीच्या दिनांक ४ रोजी झालेल्या मासिक सभेमध्ये घेण्यात आलेल्या निर्णयानुसार इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांच्या साफसफाईचे काम रविवार, दिनांक १२ रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत करण्यात येणार असल्यामुळे सदर कालावधीमध्ये पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून सर्व सभासदांनी आवश्यक तो पाणीसाठा आदल्या दिवशी करून ठेवून सहकार्य करावे ही विनंती.’

एकच वाक्य, ६१ शब्द. व्याकरणाची चूक एकही नाही, म्हणूनच मनात वाचताना ते खटकत नाही. मोठ्याने वाचले की पहिला श्वास ‘समितीच्या’पाशी संपतो आणि दुसरा ‘निर्णयानुसार’पाशी. तोपर्यंत नेमके काय होणार आहे, हे ऐकणाऱ्याला कळलेलेच नसते. ‘इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांच्या साफसफाईचे’ इथे जीभ घसरते. षष्ठीची साखळी तीन कड्यांपुढे गेली की असे होतेच. ‘असून’, ‘करून’, ‘ठेवून’ जवळजवळ आल्याने नको तिथे यमक जुळते. ‘सदर’ वाचताना आवाज बदलतो, कारण हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही.

याहून महत्त्वाचा दोष ‘आदल्या दिवशी’पाशी सापडतो. तारीख जाऊन २० हून अधिक शब्द उलटलेले असतात. वाचणारा तिथे क्षणभर थबकतो, कारण आदला म्हणजे कशाच्या आदला हे त्याला मागे जाऊन शोधावे लागते. लय बिघडली असे वाटते तिथे पुष्कळदा माहितीचा क्रमच चुकलेला असतो.

पहिली दुरुस्ती अशी होईल: ‘रविवारी, १२ तारखेला, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या साफ करायच्या आहेत. त्यामुळे सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद राहील. लागेल तेवढं पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवावे.’ आता श्वास पुरतो, पण दुसऱ्या वाचनात नवे दोष ऐकू येतात. ‘तेवढं’ आणि ‘ठेवावे’ एकाच वाक्यात आले आहेत. एक बोलण्यातले रूप, दुसरे लेखी. ताठर मजकूर सैल करताना ही सरमिसळ हमखास होते. ‘साफ करायच्या आहेत’ ऐकून सभासदाला वाटेल की आपल्यालाच झाडू घेऊन वर जायचे आहे. शिवाय निर्णय कोणाचा हे गळले आहे, आणि वाद झाला तर नेमके तेच विचारले जाईल. शेवटचे रूप असे:

‘रविवारी, १२ तारखेला, गच्चीवरच्या टाक्या धुतल्या जाणार आहेत. त्यामुळे सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद राहील. लागेल तेवढे पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवावे. हा निर्णय समितीच्या ४ तारखेच्या सभेत झाला आहे.’

चार वाक्ये, ३२ शब्द. ‘धुतल्या जाणार आहेत’ हा कर्मणी प्रयोग मुद्दाम ठेवला आहे. कोण धुणार याच्याशी सभासदाला कर्तव्य नाही आणि तोंडालाही तो अडत नाही. कर्मणी दिसला की खोडायचा, असा नियम करण्यात अर्थ नाही.

ताठर शब्दप्रयोग कुठून येतात

‘करण्यात येते’, ‘उपरोक्त’, ‘सदरहू’, ‘अनुषंगाने’ ही भाषा प्रामुख्याने कचेरीतली. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला आणि राज्यकारभारासाठी मराठी परिभाषा पद्धतशीर घडवली गेली. शब्द नवे मिळाले, तरी वाक्याचा सांगाडा पुष्कळदा इंग्रजी टिपणीचाच राहिला. आदेशात कर्ता लपवणे सोयीचे असते, म्हणून तिथे ‘करण्यात येते’ टिकले. तेच वळण शाळेच्या परिपत्रकात, लग्नपत्रिकेत आणि शोकसंदेशातही शिरले. शोकसंदेश मोठ्याने वाचून पाहिला तर ‘दुःखद निधन झाल्याचे कळविण्यात अत्यंत दुःख होत आहे’ यातले दुसरे दुःख कानाला लगेच बोचते.

दुसऱ्या टोकाचा दोषही कानच दाखवतो. वाक्ये तोडण्याच्या भरात सगळी चार-पाच शब्दांची झाली आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘आहे’ आले, की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आवाज एकसुरी होतो. अशा वेळी दोन वाक्ये ‘पण’ किंवा ‘म्हणून’ने जोडावीत, किंवा अर्थ पुरा होत असेल तिथे ‘आहे’ गाळावे. ‘काम अवघड आहे. वेळ कमी आहे.’ याऐवजी ‘काम अवघड, त्यात वेळ कमी.’

मर्यादा

शुद्धलेखन या रीतीने सुधारत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ मराठी तोंडात जवळपास सारखेच उमटतात, ‘कि’ आणि ‘की’ यांतही फरक ऐकू येत नाही. ऱ्हस्व-दीर्घासाठी डोळ्यानेच वेगळे वाचन करावे लागते. आकडे, तक्ते, खाते क्रमांक यांचेही तेच. खरेदीखत, शपथपत्र अशा दस्तऐवजांत ठरलेली शब्दयोजना कायद्याच्या अर्थाने बांधलेली असते. ती कानाला खटकली तरी वकिलाला विचारल्याशिवाय हलवू नये.

ज्याचा आवाज चांगला आहे त्याला वेगळा धोका असतो. नाट्यवाचनाची सवय असलेला माणूस रटाळ वाक्यही चढउतार देऊन तारून नेतो, आणि दोष झाकला जातो. त्याने जाणूनबुजून सपाट वाचावे. किंवा मसुदा ज्याने आधी पाहिलेला नाही अशा कोणाकडून वाचून घ्यावा आणि आपण नुसते ऐकावे. थांबा कुठे घ्यायचा हे त्याला ठाऊक नसते, त्यामुळे तो अडखळतो ती जागा बहुधा मजकुराचीच चूक असते. फोन किंवा संगणकाच्या यांत्रिक आवाजाकडून वाचून घेतल्यास गळालेले आणि दोनदा पडलेले शब्द नेमके सापडतात, कारण तो आवाज आपल्या मनचे काही भरत नाही. पण त्याला दम लागत नाही. म्हणून लांब वाक्यांसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

फार मोठा मजकूर एका बैठकीत वाचू नये. २० ते २५ मिनिटांनंतर घसा आणि लक्ष दोन्ही थकतात, मग अडखळणे मजकुरामुळे की थकव्यामुळे हे ओळखता येत नाही. शंका आल्यास थोड्या विश्रांतीनंतर तोच परिच्छेद पुन्हा वाचावा. जीभ त्याच शब्दावर अडली तर तो शब्द बदलावा, दुसरीकडेच अडली तर मसुद्याला हात लावू नये.