लोहाला गंधकाचा उतारा का चालत नाही

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा जवळ आली की मेडिकलची मुलं धातूंच्या विषबाधेवरच्या उताऱ्यांची एक यादी घोकत असतात: आर्सेनिक आणि पारा म्हणजे बीएएल, शिसं म्हणजे कॅल्शियम ईडीटीए, लोह म्हणजे डिफेरॉक्सामिन. मार्क मिळतात. पण "लोहाला बीएएल का नाही?" असं परीक्षकानं विचारलं की गाडी अडते.

आर्सेनिक आणि पाऱ्याला गंधकाची ओढ असते. पेशीला ऊर्जा देणाऱ्या एन्झाइमांवरच्या गंधकाला आर्सेनिक चिकटतं आणि काम ठप्प होतं. दुसऱ्या महायुद्धात ल्यूसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी शस्त्रावर उतारा शोधताना ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स आणि सहकाऱ्यांनी शेजारीशेजारी दोन गंधक असलेला रेणू बनवला, तोच बीएएल. तो आर्सेनिकला दोन्हीकडून धरतो तेव्हा पाच अणूंचं कडं तयार होतं आणि ते एन्झाइमच्या पकडीपेक्षा घट्ट असतं, म्हणून आर्सेनिक एन्झाइमला सोडतं. मिथाइल पाऱ्यात मात्र बीएएल देऊ नये, कारण त्यानं पारा मेंदूकडे जास्त जातो.

शिशाला ईडीटीए देताना त्यात कॅल्शियम असायलाच हवं. शिसं त्या कॅल्शियमला हुसकून जागा घेतं. नुसतं सोडियम ईडीटीए दिलं तर ते रक्तातलंच कॅल्शियम ओढतं. अशा चुकीनं अमेरिकेत रुग्ण दगावले आहेत. 'शरीरातलं विष काढून देतो' म्हणत निरोगी माणसाला हीच सलाइनं लावणाऱ्यांनी हे वाचावं.

लोहाची, म्हणजे फेरिक आयनाची, आवड वेगळी. त्याला ऑक्सिजन हवा असतो आणि डिफेरॉक्सामिन सहा ऑक्सिजननी त्याला चहूबाजूंनी वेढतं. बीएएलचं लोहाशी जे संयुग होतं ते मूत्रपिंडाला घातक असतं, म्हणून लोहाच्या विषबाधेत बीएएल निषिद्ध.

आता उदाहरण घ्या. दहा किलोच्या बाळानं आईच्या लोहाच्या दहा लाल गोळ्या खाल्ल्या. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, म्हणजे एकूण ६०० आणि दर किलोमागे ६०. हे गंभीरच. डिफेरॉक्सामिन दर किलोला तासाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे या बाळाला १५० मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅम औषध जेमतेम साडेआठ मिलिग्रॅम लोह धरतं, तेव्हा तासाला फार तर तेरा मिलिग्रॅम. पोटातल्या सहाशेशी हे गणित जुळत नाही! हे औषध रक्तात सुटलेल्या लोहासाठी आहे. पोटातल्या गोळ्या क्ष-किरणात दिसल्या तर आतडी धुवून काढावी लागतात. कोळशाची पूड लोहाला धरत नाही.

उलट्या थांबून सहाएक तासांनी बाळ खेळू लागतं आणि घरचे डिस्चार्ज मागतात. याच काळात लोह पेशींत शिरत असतं, आणि यकृत निकामी होण्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात.