स्कॅन पीडीएफ : छुपा मजकूर आणि पुनर्रचित मजकूर

छापील पानाची प्रतिमा तशीच ठेवून तिच्यावर अदृश्य अक्षरे बसवलेली पीडीएफ आणि त्याच पानाचा मजकूर तपासून नव्याने जुळवलेली पीडीएफ पडद्यावर बऱ्याचदा सारख्याच दिसतात. दोन्हींत शब्द शोधता येतो, ओळ निवडून दुसरीकडे चिकटवता येते. डोळ्याला दिसणारे अक्षर कुठून येते, यात मात्र त्या वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात वाचक चित्र पाहतो आणि यंत्र त्यामागचा मजकूर वाचते. दुसऱ्या प्रकारात दोघांपुढे एकच मजकूर असतो, निदान तशी अपेक्षा असते. देवनागरीत ही अपेक्षा अनेकदा फसते.

उगम. पीडीएफ हे स्वरूप ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले. २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. पानावर अक्षर कसे उमटवायचे याचे आठ प्रकार या स्वरूपात आहेत. त्यांना ० ते ७ असे क्रमांक असून ३ या क्रमांकात अक्षराला ना रंग भरला जातो, ना त्याची कड रेखली जाते. अक्षर पानावर असते, जागाही घेते, पण दिसत नाही. प्रतिमेमागे मजकूर ठेवण्याची सोय ॲडोबीच्याच ‘ॲक्रोबॅट कॅप्चर’मुळे साधारणपणे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून रूढ झाली असावी. एटी अँड टी प्रयोगशाळेत विकसित झालेल्या डीजेव्हीयू स्वरूपातही असा थर आहे. पण ते स्वरूप १९९८ च्या सुमारास पुढे आले असल्याने पद्धतीचा उगम पीडीएफकडे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

छुप्या मजकुराची रचना. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने स्कॅन केले की २४८० × ३५०८ बिंदूंची प्रतिमा मिळते. टेसरॅक्टसारखी ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणारी, प्रणाली त्या प्रतिमेतील प्रत्येक शब्दाची चौकट शोधते, शब्द ओळखते आणि नेमक्या त्या चौकटीवर अदृश्य मजकूर ताणून बसवते. ‘वर्षात’ हा शब्द फाइलच्या आत ढोबळमानाने असा असतो :

```
BT
3 Tr
/f-0-0 12 Tf
72 700 Td
<09350930094D0937093E0924> Tj
ET
```

कोनी कंसातील आकडे म्हणजे व, र, हलन्त, ष, काना, त यांचे युनिकोड क्रमांक, उच्चाराच्या क्रमाने. टेसरॅक्ट यासाठी `GlyphLessFont` नावाचा फॉन्ट वापरते, ज्यात अक्षरांचे आकार नसतातच. काही काढून दाखवायचे नसल्याने जोडाक्षर, रफार, वेलांटी यांच्या मांडणीचा प्रश्न उद्भवत नाही आणि ओळख बरोबर असेल तर नक्कल केलेला शब्द जसाच्या तसा मिळतो.

या पद्धतीचा दोष तिच्या गुणातच आहे. ओळख चुकली तरी पान निर्दोष दिसते. पानावर १८०० अक्षरे असतील आणि ओळख ९८ टक्के अचूक असेल, तर ३६ चुका प्रतिमेमागे राहतात. त्या कोणाला दिसत नाहीत म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. शोध रिकामा आला की वाचक शब्द पुस्तकात नाही असे समजतो. ओसीआर झाल्यावर प्रतिमा सरळ केली किंवा तिच्या कडा कापल्या तर आणखी एक बिघाड होतो : मजकूर जुन्याच जागी राहतो आणि निवडलेली निळी पट्टी ओळीच्या वर किंवा खाली सरकलेली दिसते.

पुनर्रचित मजकूर. येथे मूळ प्रतिमा फाइलमधून जाते आणि फॉन्टमधील आकारांनी पान नव्याने रेखले जाते. पान कितीही मोठे केले तरी अक्षराची कड धारदार राहते, आणि प्रतिमा गेल्याने फाइल पुष्कळ लहान होते. चूक राहिली तर ती वाचकाला दिसते. मात्र मुळात काय होते हे ताडून पाहण्याची सोय त्या फाइलपुरती संपते. म्हणून मराठी विकिस्रोतावर स्कॅन पान आणि मजकूर शेजारीशेजारी ठेवून मुद्रितशोधन करतात. एकाने तपासलेले पान दुसऱ्याने पडताळल्यावरच ते प्रमाणित होते. ही खबरदारी पुनर्रचनेच्या कोणत्याही कामात घ्यावी.

देवनागरीतील अडचण. पुनर्रचित पीडीएफमध्ये सहसा युनिकोड क्रमांक नव्हे, तर फॉन्टमधील आकारांचे क्रमांक साठवलेले असतात, तेही डोळ्याला दिसतात त्या क्रमाने. ‘वर्षात’ लिहिताना र् हा ष च्या आधी येतो, पण रफार काढला जातो तो ‘षा’ झाल्यावर. आकारावरून युनिकोडकडे नेणारे `ToUnicode` हे कोष्टक एका आकाराला एक किंवा अनेक अक्षरे देऊ शकते, आकारांचा क्रम मात्र बदलू शकत नाही. त्यामुळे नक्कल केल्यावर ‘वषार्त’ मिळते. ऱ्हस्व वेलांटीचेही तेच होते : ती आधी काढली जात असल्याने ‘स्थितीत’ऐवजी ‘िस्थतीत’ असे काही हाती येते. पान सुंदर, मजकूर खरा आणि तरीही ‘वर्षात’ शोधल्यास काही सापडत नाही. अशा वेळी नीट ओळखलेला छुपा थर शोधासाठी अधिक विश्वासार्ह ठरतो.

यावर उपाय मानकातच आहे. शब्दाच्या आकारांभोवती `ActualText` ही खूण घालून मूळ युनिकोड मजकूर सोबत देता येतो. झीटेक या अक्षरजुळणी प्रणालीत जुळणी करणाऱ्यांना त्यासाठी दस्तऐवजाच्या सुरुवातीला एक ओळ पुरते :

```
\XeTeXgenerateactualtext=1
```

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या मजकुराची गत याहून बिकट असते. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असल्याने नक्कल केल्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची जुडी मिळते. असा मजकूर आधी त्या फॉन्टच्या परिवर्तकातून काढावा लागतो.

मधला प्रकार. ॲक्रोबॅट ९ (२००८) मधील ‘क्लिअरस्कॅन’ स्कॅनमधील सारख्या दिसणाऱ्या आकारांचे गट करून त्यांच्यापासूनच फॉन्ट बनवते. अक्षरे दिसतात, मोठी केल्यावर फाटत नाहीत, पण त्यांचा युनिकोड क्रमांक ओसीआरने ठरवलेला असतो. म्हणजे रूप पुनर्रचित मजकुराचे आणि चुका छुप्या थराच्या.

ओळखण्याची रीत. पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या संचातील तीन साधने पुरेशी आहेत :

```
pdfimages -list a.pdf
pdffonts a.pdf
pdftotext a.pdf -
```

प्रत्येक पानाला पानभर मोठी एक प्रतिमा आणि फॉन्टच्या यादीत `GlyphLessFont` असेल, तर छुपा थर निश्चित. प्रतिमा नसून देवनागरी फॉन्टची नावे दिसली तर मजकूर खरा. मग `uni` या स्तंभात `no` आहे का हे पाहावे, कारण तसे असल्यास कोष्टकच नाही. तिसऱ्या आज्ञेने काढलेल्या मजकुरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटीचे दहा-बारा शब्द तपासले की क्रमाचा दोष लगेच कळतो.

छुपा थर खराब असेल तर `ocrmypdf --redo-ocr -l mar a.pdf b.pdf` ही आज्ञा प्रतिमा राखून तो बदलते. खऱ्या मजकुराचा क्रम बिघडलेला असेल आणि मूळ दस्तऐवज हाताशी नसेल तर `--force-ocr` वापरता येते. मात्र त्यात सगळी पाने प्रतिमा होतात आणि धारदार अक्षरे कायमची जातात. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवूनच हे करावे.

अभिलेखन. दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ/ए मानकात ‘बी’ पातळी केवळ दिसण्याची हमी देते, ‘यू’ पातळीला प्रत्येक अक्षराचा युनिकोड अर्थ लागतो, तर ‘ए’ पातळीला त्याशिवाय मथळे, परिच्छेद व वाचनक्रम यांच्या खुणाही लागतात. ओसीआरच्या थरात या खुणा सहसा नसतात, त्यामुळे दोन स्तंभांचे पान पडदावाचकाकडून आडव्या ओळीने, दोन्ही स्तंभ मिसळून वाचले जाण्याचा धोका राहतो.