चित्रपट-रोजनिशी

चित्रपट पाहताना पाहणाऱ्याला काय वाटले, त्याची तारीखवार ठेवलेली खाजगी नोंद म्हणजे चित्रपट-रोजनिशी, किंवा साध्या शब्दांत सिनेमाची वही. समीक्षा चित्रपट कसा आहे ते सांगते. रोजनिशीचा विषय मात्र चित्रपट नसून पाहणारा असतो. घसा कुठे दाटला, घड्याळाकडे लक्ष कधी गेले, कोणत्या पात्राचा विनाकारण राग आला, एवढेच तिच्यात लिहायचे असते. तिचे उपयोग दोन. वर्षभराने चित्रपटाचे नाव आठवते पण तो पाहताना काय झाले होते ते आठवत नाही, ते वहीत सापडते. आणि बऱ्याच नोंदी एकत्र वाचल्यावर आपली आवड आपण समजत होतो तशीच आहे का, हे तपासता येते.

आठवणीवर का विसंबता येत नाही

बार्बरा फ्रेडरिकसन आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सुखद आणि किळसवाण्या दृश्यांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या होत्या. फीत किती लांब होती याचा लोकांच्या नंतरच्या मतावर फारच थोडा परिणाम दिसला. एकूण मत ठरले ते भावनेच्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटाच्या क्षणांवरून. अडीच तासांच्या चित्रपटालाही हे लागू पडत असेल, तर मधला तासभर आपण कंटाळलो होतो ही गोष्ट चांगला शेवट पुसून टाकू शकतो, आणि फसलेला शेवट आधीचा आनंद. वही त्याच रात्री लिहायची ती यासाठी. बाहेर पडताना झालेली चर्चा आणि घरी वाचलेले परीक्षण हे दोन धोके वेगळेच. दुसऱ्याचे नेमके वाक्य एकदा कानावर पडले की ते आपल्याच मनात होते असे वाटू लागते.

वही आणि तिची मांडणी

दोनशे पानी साधी वही पुरते. एका चित्रपटाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत, उजवे आजच्या नोंदीसाठी आणि डावे कोरे. आठवड्याला दोन चित्रपट पाहणाऱ्याला अशी एक वही साधारण वर्षभर जाते. शेवटची चार पाने अनुक्रमणिकेसाठी राखून ठेवावीत, नाहीतर जुनी नोंद शोधण्यातच कंटाळा येतो आणि वही फक्त लिहिली जाते, वाचली जात नाही.

उजव्या पानाच्या माथ्यावर परिस्थिती येते : तारीख, वेळ, चित्रपटगृह की फोन, सोबत कोण, भाषा समजत होती की उपशीर्षकांवर अवलंबून होतो, पोटात काही होते का, झोप झाली होती का. हा तपशील फालतू वाटतो, पण पुढे आवडीचा हिशेब करताना सर्वांत जास्त कामी येतो तोच.

त्याखाली आधी शरीर, मग क्षण, मग भावनेचे नाव, याच क्रमाने लिहावे. क्रमाला कारण आहे. भावनेचे नाव आधी लिहिले की लेखणी ‘छान वाटले’, ‘अस्वस्थ करणारा’ अशा तयार शब्दांवर येऊन थांबते. शरीराला असे तयार शब्द सुचत नाहीत. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेच्या शरीरावर उमटणाऱ्या खुणा, सांगितल्या आहेत : स्तंभ म्हणजे जागीच थिजणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे रंग उडणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे भान हरपणे. यादी नटासाठी आहे, पण खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकालाही ती चालते. नाव देण्याची वेळ आली की त्याच ग्रंथातले तेहतीस व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन जाणाऱ्या भावना, मदतीला येतात. ‘वाईट वाटले’ यापेक्षा तो विषाद होता, असूया होती, व्रीडा म्हणजे लाज होती की ग्लानी, हे ठरवताना आपल्याला काय वाटले होते ते आपल्यालाच नीट कळते. नोंद दहा मिनिटांत संपवावी. कथेला जास्तीत जास्त दोन ओळी. कथानक कुठेही वाचायला मिळते, आपला दाटलेला घसा मिळत नाही.

कारणे मात्र त्या रात्री लिहू नयेत. हा नियम उलटा वाटेल. मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना काही पोस्टरांपैकी एक निवडून घरी नेऊ दिले. त्याआधी काहींना आपल्या आवडीनिवडीची कारणे लिहायला लावली होती. कारणे लिहिणाऱ्यांचा कल विनोदी चित्रांकडे जास्त गेला, आणि तीन आठवड्यांनी आपल्या निवडीवर ते इतरांपेक्षा कमी समाधानी होते. शब्दांत सहज मांडता येणारी कारणे पुढे येतात आणि न मांडता येणारे मागे पडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. चित्रपटातही ‘पटकथा सैल आहे’ हे वाक्य हाताशी असते. खिडकीतून येणाऱ्या उजेडाने आपण गप्प का झालो, हे सांगायला वाक्य नसते. म्हणून काय झाले ते आधी, का झाले ते नंतर.

नमुन्याची नोंद

उजवे पान असे दिसते : ‘शनिवार, रात्री ९ चा खेळ. सोबत आई. जेवलो नव्हतो. म्हातारा कुलूप लावतो आणि परत एकदा ओढून बघतो, तिथे घसा दाटला. पुढच्या रडारडीत काहीच झालं नाही. मध्यंतरानंतर दोनदा घड्याळ पाहिलं. मुलाचा राग आला, मग लाज वाटली, परवा मीही फोन उचलला नव्हता. कथा : मुलगा गावचं घर विकायला येतो.’

आठ दिवसांनी उजवे पान झाकून, दुसऱ्या रंगाच्या शाईने डावे पान लिहायचे : ‘कुलूप अजून दिसतं. मुलाचं नाव आठवत नाही. शेवट स्टेशनवर की एसटी स्टँडवर? राग आठवत नाही, आईने बाहेर आल्यावर हात धरला ते आठवतं.’

मग दोन्ही पाने ताडून पाहायची. इथे तीन गोष्टी कळतात. कुलूप दोन्हीकडे आहे, म्हणजे तो क्षण खरोखर रुतला. राग त्या रात्रीपुरता होता. आणि आईचा हात ही चित्रपटाची नव्हे, त्या संध्याकाळची आठवण आहे. अशी आठवण वेगळी काढली नाही तर पुढे ‘तो चित्रपट फार हळवा होता’ असे आपण सांगत फिरतो. तारे किंवा गुण द्यायचेच असतील तर ते या आठव्या दिवशी द्यावेत. डाव्या पानाशी न जुळणारे उजवे पान खोडून दुरुस्त करू नये. दोघांतला फरक हीच माहिती आहे.

आवड वाचणे

पाच-सात नोंदींवरून निष्कर्ष काढू नये. तीसेक झाल्यावर एक दुपार काढावी आणि चित्रपटांची नावे झाकून फक्त क्षण एका कागदावर उतरवावेत. आपली आवड आपण बहुधा प्रकाराच्या नावाने सांगतो, रहस्यपट, कौटुंबिक, विनोदी. क्षणांची यादी प्रकार ओलांडून जाते. वरच्या नोंदीच्या वहीत समजा कुलपाशेजारी भाकरी थापणारे हात आले, बंदूक साफ करणारा शिपाई आला, मयताच्या घरी मुकाट्याने चहा गाळणारी बाई आली. स्वतःला रहस्यपटांचा चाहता समजणाऱ्या या प्रेक्षकाला खरे तर हातांनी चाललेले, न बोलता केलेले काम धरून ठेवते.

हा अंदाज आहे, तो तपासावा लागतो. पुढच्या पाच चित्रपटांआधी, माहीत असलेल्या तुटपुंज्या माहितीवरून, आपल्याला कुठे काय वाटेल याची एक ओळ माथ्यावर लिहून ठेवावी. पाचपैकी एक-दोनदाच जुळले तर अंदाज सोडून द्यावा. आपल्याबद्दलचा सुबक सिद्धान्त सोडवत नाही, आणि मग नोंदीच त्याला सोयीच्या होऊ लागतात.

नावडीच्या नोंदी वाचताना आधी परिस्थितीच्या ओळी पाहाव्यात. कंटाळलेल्या सात चित्रपटांपैकी पाच रात्री अकरानंतर फोनवर पाहिलेले निघाले, तर तो आवडीचा नव्हे, झोपेचा पुरावा आहे. उलट अर्धवट सोडलेले चित्रपट बहुतेक जण लिहितच नाहीत आणि वही पूर्ण पाहिलेल्यांचीच होते. सोडलेल्याला एक ओळ पुरे : कितव्या मिनिटाला सोडला, आणि त्या मिनिटाला पडद्यावर काय चालले होते.

बिघडते कुठे

सर्वांत सामान्य दोष म्हणजे नोंद परीक्षणासारखी होणे. ओळखायची खूण सोपी आहे : पानावर ‘मी’, ‘मला’ कुठेच नसेल आणि छायाचित्रण, अभिनय, संगीत हे शब्द ओळीने आले असतील, तर ते पान कोणाचेही असू शकते. नोंदी इतरांना दिसत असतील तर हा दोष लवकर जडतो. न्यूझीलंडमध्ये २०११ साली सुरू झालेल्या लेटरबॉक्स्डसारख्या, पाहिलेले चित्रपट नोंदवण्याच्या ऑनलाइन सेवेत तारीख, पुन्हा पाहिल्याची खूण आणि अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतचे मूल्यांकन व्यवस्थित साठते, आणि सगळा विदा सीएसव्ही धारिकेत उतरवूनही घेता येतो. तारखा आणि मोजणी तिथे, भावना वहीत, अशी वाटणी बरी पडते. ताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. काही महिन्यांत सगळे साडेतीनवर येऊन बसते आणि आकडा काहीच सांगेनासा होतो.

महोत्सवातला प्रश्न निराळा. पुण्याच्या किंवा गोव्याच्या महोत्सवात दिवसाला चार-पाच चित्रपट होतात, आणि रात्री लिहायला बसल्यावर तिसऱ्यातला पाऊस दुसऱ्यात पडू लागतो. तिथे पूर्ण नोंदीचा हट्ट धरू नये. पुढच्या खेळाच्या रांगेत उभ्याउभ्या वेळापत्रकाच्या कडेला एक क्षण आणि एक शारीरिक खूण लिहावी, उरलेले रात्री. अंधारात लिहावे लागलेच तर मोठ्या अक्षरांत, ओळीला एकच शब्द, आणि ओळ कुठे संपली ते कळावे म्हणून डाव्या हाताचा अंगठा कागदावर. फोन काढू नये, उजेडाने मागच्या रांगेतल्याची नोंद बिघडते.

चित्रपट पुन्हा पाहिला तर नवी दोन पाने घ्यावीत आणि जुनी नोंद लिहून झाल्यावरच उघडावी. आधी उघडली तर कुलपाचे दृश्य येण्यापूर्वीच घसा दाटायच्या तयारीला लागतो.